शांतता... नर पुरीच्या काउंटरकडे निघाला आहे

आवाज अगदी खाली आणा. अजून खाली. शेजारच्या खोलीत कोणीतरी रात्रपाळी करून झोपलंय, असं समजा. आता हे वाचा.

‘मे महिन्यातली दुपार. खर्ड्याच्या माळावर सावली दुर्मिळ झाली आहे. दूर किल्ल्याच्या तटावर उन्हाची लाट थरथरते आहे. गेले दोन तास या कळपाने अन्नाचा कणही पाहिलेला नाही. आणि मग... वाऱ्यावरून एक गंध येतो. तळणाचा गंध. कळपाच्या कडेला उभा असलेला एक तरुण नर मान वर करतो. तो अजून हललेला नाही. पण त्याच्या नाकपुड्यांनी निर्णय घेतला आहे.’

हा तरुण नर म्हणजे आमचा मित्र. प्रसंग म्हणजे आमच्याच ग्रुपमधल्या एकाच्या बहिणीचं लग्न. आणि हा आवाज म्हणजे मी, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात... ते पुढे सांगतो, कारण सगळा घोळ त्या दुसऱ्या हातातच आहे.

नाव सांगणार नाही. पण असल्या माहितीपटात प्राण्याला शास्त्रीय नाव हवंच, म्हणून आम्ही त्याला दिलं ‘बुफेफॅगस खर्डेन्सिस’. हे उगाच नाही हं. शास्त्रीय नावाला दोन भाग असतात, पहिला घराण्याचा आणि दुसरा त्या जातीचा. ‘फॅगस’ म्हणजे खाणारा. ‘एन्सिस’ शेपूट लागलं की ‘त्या गावचा’. म्हणजे खर्ड्याचा बुफेखाऊ. नंतर कळलं, की ‘बुफॅगस’ नावाचा पक्षी आफ्रिकेत खरोखरच आहे. म्हशी-गेंड्यांच्या पाठीवर बसून तो त्यांच्या गोचिडी खातो, आणि अधूनमधून त्यांच्या जखमेवरही चोच मारतो. ते वाचून मी खूप हसलो होतो. चोच मारणारा नक्की कोण, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

तर आधी हा आवाज कसा जमवायचा ते सांगतो. गॅदरिंगला, हॉस्टेलवर, लग्नात सगळे हा प्रयोग करतात आणि दहातले नऊ फसतात.

हा हळू, गंभीर आवाज म्हटला की डोळ्यांसमोर येतात डेव्हिड ॲटनबरो. जन्म 1926 चा. त्यांची ‘लाइफ ऑन अर्थ’ ही मालिका 1979 मध्ये आली. त्यात रवांडाच्या डोंगरात ते गोरिलांच्या शेजारी बसून कुजबुजत बोलतात. तिथली कुजबुज खरी होती, कारण गोरिला हाताच्या अंतरावर होते. बोलायचं होतं अंगठ्याबद्दल, गोरिलाला आणि माणसाला वस्तू पकडता येते त्याबद्दल. पण गोरिलाची पिल्लं त्यांच्याशी खेळायला लागली आणि भाषण राहिलं बाजूला. नंतरच्या मालिकांतलं बहुतेक निवेदन मात्र चित्रीकरण आटोपल्यावर स्टुडिओत बसून होतं. सिंहिणीला ऐकू जाण्याचा प्रश्नच नसतो. तरी आवाज खालीच. कारण आपण लपून बघतोय, हे ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे.

हे मला आधी कळलं नाही. मी लग्नातच, गर्दीत उभा राहून, मोबाइल तोंडाजवळ धरून बोलत होतो. घरी येऊन ऐकलं तर माझा आवाज कुठेच नाही. ऐकू येत होता फक्त स्पीकर: ‘आपल्या सोहळ्याला आवर्जून उपस्थित राहिलेले आपल्या सर्वांचे लाडके...’ तुमच्याकडेही हेच असेल. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा, अक्षता पडल्या सव्वा वाजता, कारण मधली चाळीस मिनिटं पाहुण्यांची नावं वाचण्यात गेली. शेवटी व्हिडिओचा मूळ आवाज बंद केला आणि रात्री अंगावर गोधडी घेऊन, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब धरून पुन्हा बोललो. गोधडीत आवाज घुमत नाही. मे महिन्यात गोधडीत शिरून बोलायचं म्हणजे घामाच्या धारा, पण आवाजात जी दमलेली गंभीरता आली ती तिथूनच आली.

दुसरी गोष्ट वाक्यांची. पहिल्या कच्च्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘हा बघा आमचा खादाड भाऊ, कसा तुटून पडलाय!’ ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘हे तर कुणीही बोलंल. यात प्राणी कुठंय?’ बरोबर होतं तिचं. माहितीपटातला निवेदक कधी चिडवत नाही. सिंह हरणावर झेपावतो तेव्हा तो ‘काय हावरट आहे!’ म्हणत नाही. तो प्राण्याची बाजू समजून घेतो, त्याची गरज सांगतो आणि थांबतो. हसू येतं ते यामुळे, की गरज असते जगण्या-मरण्याची आणि समोर असतो गुलाबजाम. म्हणून ‘खादाड’, ‘हावरट’, ‘पोट’ असे सगळे शब्द काढले. वर्तमानकाळ ठेवला. वाक्य छोटं केलं. आकडे नेमके घातले, कारण ‘खूप पुऱ्या’पेक्षा ‘सातवी पुरी’ जास्त गंभीर वाटते. आणि सगळ्यात अवघड म्हणजे स्वतः हसायचं नाही. माझे अकरा टेक वाया गेले, त्यातले आठ एकट्या ‘मठ्ठा’ या शब्दावर.

मग हे असं झालं:

‘नर आता सॅलडच्या काउंटरपाशी आला आहे. काकडी. टोमॅटो. बीट. कोवळी, अननुभवी पिल्लं इथेच थांबतात आणि ताटाचा अर्धा भाग पाल्याने भरून घेतात. अनुभवी नर थांबत नाही. तो जाणतो... पुढे पनीर आहे.’

या ओळीवर ग्रुपमध्ये सर्वात जास्त हसू आलं. पण खरं सांगू का, त्या दिवशी त्याचं निरीक्षण करताना मलाच एक गोष्ट सापडली, आणि ती थट्टेपलीकडची होती. पठ्ठ्या हुशार आहे.

पुरीचे दोन काउंटर होते. डाव्या बाजूला रांग वीस जणांची. उजवीकडे जेमतेम दहा. मी उजवीकडे उभा राहिलो, कुणीही राहील. तो आला, दोन्हीकडे बघितलं आणि सरळ डावीकडच्या लांब रांगेत शिरला. मी मनात म्हटलं, उन्हानं गेला हा. पण त्याच्या ताटात पुरी माझ्या आधी पडली. कशी? डावीकडे कढई काउंटरच्या अगदी मागे होती. आचारी झाऱ्यानं पुऱ्या काढून सरळ परातीत टाकत होता आणि वाढपी एका मिनिटात दहा ताटं मोकळी करत होता. वीस माणसं, दोन मिनिटं. उजवीकडचा पोरगा प्रत्येक वेळी मंडपाला वळसा घालून कढईपाशी जायचा आणि रिकामी परात भरून आणायचा. त्याच्याकडून मिनिटाला तिघांना मिळत होती. दहा माणसं, तीन मिनिटांहून जास्त. आपण सगळे रांगेची लांबी बघतो. हा वाढप्याचा हात बघत होता.

यावर बदकांचा एक फार गोड प्रयोग आहे. 1982 मध्ये तो प्रसिद्ध झाला. हार्पर नावाच्या संशोधकाने केंब्रिजच्या बोटॅनिक गार्डनमधल्या तळ्यावर 33 बदकांसमोर दोन माणसं उभी केली, एकमेकांपासून लांब. दोघंही पावाचे तुकडे टाकणार. दोघांचा वेग सारखा असला की बदकं निम्मी-निम्मी वाटली जायची. एकानं दुप्पट वेगानं टाकायला सुरुवात केली की त्याच्यासमोर दुप्पट बदकं. आणि हे सगळं साधारण मिनिटभरात, म्हणजे बऱ्याच बदकांच्या चोचीत एकही तुकडा पडलेला नसताना! खाऊन बघून ठरवायला वेळच नव्हता. ती टाकणाऱ्या हातांकडे बघत होती. अशी विभागणी झाली की कुठेही उभं राहा, सरासरी वाटा साधारण सारखाच येतो. लग्नात मात्र ती होत नाही, कारण आपण बदकांइतके चपळ नाही. एकदा रांगेत उभं राहिलं की हलायची लाज वाटते, मागच्या काकू काय म्हणतील म्हणून. शिवाय काही जण पुरीसाठी उभेच नसतात, पुढे नात्यातलं कुणी दिसलं म्हणून गप्पा मारत उभे असतात. बुफेफॅगस खर्डेन्सिसला लाज हा अवयव नाही. निदान व्हिडिओत मी तसं म्हटलं होतं.

‘नर रांगेकडे पाहत नाही. तो पळीकडे पाहतो. लाखो वर्षांच्या उत्क्रांतीने त्याला शिकवले आहे... रांग खोटं बोलते. पळी कधीच नाही.’

कुजबुजण्याआधी शांत बसून बघावं लागतं, हे मात्र मला आधीपासून ठाऊक होतं. खर्डा जामखेड तालुक्यात, आणि शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. सव्वादोन चौरस किलोमीटरचंही नाही, तिथे शाळेची सहल गेली होती. आम्ही चाळीस पोरं आरडाओरडा करत उतरलो आणि काळविटांचे फक्त पांढरे शेपटाकडचे भाग बघून परत आलो. दुसऱ्यांदा मामाबरोबर गेलो. एका बाभळीखाली अर्धा तास गप्प बसलो. तेव्हा दिसला काळा-पांढरा नर, आपल्या हद्दीत उभा. आपल्याच लेंड्यांच्या ढिगाऱ्यावर पुन्हा येऊन तो हद्द पक्की करत होता. डोळ्यांजवळच्या ग्रंथीचा वास झुडपांना घासत होता. म्हणजे ही जागा माझी, असं सांगायला तो ओरडत नव्हता. लग्नात खुर्चीवर रुमाल ठेवून जाणारे काका मला त्या दिवसापासून वेगळेच दिसतात.

तर व्हिडिओ बनला. दोन मिनिटं चाळीस सेकंद. त्यात हा चार वेळा काउंटरवर जातो आणि भरलेलं ताट घेऊन चौकटीबाहेर जातो. पाचव्यांदा जातो तेव्हा मी आवाज इतका खाली आणलाय की जवळजवळ श्वासच:

‘पाचवं ताट. निसर्गतज्ज्ञ आजही सांगू शकत नाहीत... हे सगळं जातं कुठे.’

टाकला ग्रुपवर. साठेक जण आहेत त्यात, शाळेतले, गल्लीतले, दोन-तीन मामेभाऊ. दहा मिनिटांत हसून रडणाऱ्या तोंडांचा पाऊस. कोणीतरी दुसऱ्या ग्रुपवर पाठवला. तिथून नवरीकडच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर. तिथून कुठे ते मला माहीत नाही आणि तोच भाग वाईट.

त्याचा मात्र काहीच मेसेज नाही. एरवी हा पठ्ठ्या सकाळी ‘गुड मॉर्निंग’ला पण तीन उत्तरं देतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं स्टँडवर उभे होतो, जामखेडच्या गाडीची वाट बघत. रसवंतीवाल्याच्या इथून एक जण ओरडला, ‘ए पाच प्लेट! रस घेणार का? पाच ग्लास भरू?’ आजूबाजूचे हसले. मीही सवयीनं हसलो. हा हसला नाही. गाडी आली, चढला, खिडकीशी बसला आणि बाहेर बघत राहिला. तुम्ही गावात वाढला असाल तर तुम्हाला सांगायला नको, असं नाव चिकटलं की काय होतं. आमच्याकडे एका काकांना लहानपणी विहिरीत पडले म्हणून अजून ‘बेडूक’ म्हणतात. त्यांना नातवंडं झालीत. आणि हा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे साडेचारला माळावर धावायला जातो. उद्या सोयरीक जमायची वेळ आली की कोणीतरी म्हणणार, ‘कोण, तो पाच प्लेटवाला का?’

मी म्हटलं, ‘अरे भावा, गंमत होती राव.’

तो म्हणाला, ‘गंमत भारी केली तू. आवाज तर एक नंबर. फक्त एक सांग. तू मला खाताना कुठं दाखवलंय?’

मी मोबाइल काढला. गाडी हलत होती, स्क्रीन हलत होती, तरी पूर्ण दोन मिनिटं चाळीस सेकंद बघितलं. मग पुन्हा बघितलं. पाच वेळा ताट भरताना तो होता. घास तोंडात घालतानाचं एकही दृश्य नव्हतं. एकही. ते मी आवाजानं भरून काढलं होतं.

आता माहितीपट बनवणाऱ्यांचंही हेच होतं, अगदी मोठ्यांचंही. 2011 मध्ये ‘फ्रोझन प्लॅनेट’ या मालिकेत ध्रुवीय अस्वलीण बर्फाच्या बिळात पिल्लांना जन्म देते, असं दृश्य होतं. बाहेरचं बर्फाळ रान खरं, पण बिळातलं चित्रण नेदरलँड्समधल्या एका प्राणिसंग्रहालयातलं. निवेदनात कुठेही खोटं वाक्य नव्हतं, आणि पडद्यामागचं वाहिनीच्या संकेतस्थळावर सांगितलेलंही होतं. पण टीव्हीसमोर बसलेल्या माणसानं दोन दृश्यं आपोआप जोडली, आणि कळल्यावर ब्रिटनमध्ये केवढा गहजब झाला. त्यांची बाजू अशी होती, की रानातल्या अस्वलिणीच्या बिळात कॅमेरा घातला तर ती पिल्लांनाच इजा करू शकते. ती पटण्यासारखी आहे. माझ्याकडे तर तसंही कारण नव्हतं. मला फक्त चार पावलं पुढे जाऊन बघायचं होतं, ताट कुठे जातंय ते.

व्हिडिओ थांबवून थांबवून ताटं बघितली. हे करून बघा कधी, ताटावरून माणूस ओळखू येतो. पहिलं ताट: चार पुऱ्या, पनीर, मटकी, तीन गुलाबजाम, वर मिरची. हे शंभर टक्के त्याचं. दुसरं: गरम मऊ भात, वरण, तूप, बाजूला वाटीत मठ्ठा. पुरी नाही, पापड नाही, मिरची नाही, मटकीसुद्धा नाही. पंचविशीतला कुठला पोरगा लग्नात फक्त वरण-भात घेतो? हे ताट ज्याला चावता येत नाही अशा कुणाचं तरी. तिसरं ताट उंच रचलेलं, पुऱ्या आठ, भाजी भरपूर, गोड काहीच नाही. चौथ्यात पुन्हा तीन गुलाबजाम, म्हणजे हे परत त्याचं. आणि पाचव्यात सगळं थोडं थोडं आणि जिलेबी जास्त.

‘दुसरं कुणाचं?’ मी विचारलं.

‘नवरदेवाची आज्जी. लिंबाखाली बसली होती. तिला रांगेत कोण उभं करणार? सगळे फोटोत.’

‘तिसरं?’

‘वाजंत्र्यांचा म्होरक्या. त्याला आणि त्याच्या पोराला मिळून. सकाळी सातपासून वाजवत होते. जेवायला जा म्हणायचं कुणाच्या डोक्यातच नाही आलं. परत जेवण उरंल का नाही, त्याचा भरवसा नव्हता.’

बुफेत हे होतंच, फक्त आपल्याला दिसत नाही. पंगतीत वाढपी माणसापर्यंत यायचा. बसलेल्याला उठावं लागत नव्हतं, आणि ‘अजून घ्या, अजून घ्या’ म्हणत आग्रह करणारा समोर असायचा. त्यात कटकटी होत्याच. पंगत उठायला वेळ, पुढच्या पंगतीचे लोक मागे उभे राहून तुमचे घास मोजणार, आणि कोणी कुणाशेजारी बसायचं यावरून पूर्वी काय काय चालायचं ते आजोबांकडून ऐका एकदा. बुफेनं ते मोडलं, बरंच झालं. पण बुफेत अन्न जागेवर उभं राहतं आणि माणसानं चालत जायचं. ज्याला चालता येत नाही, ज्याच्या दोन्ही हातांत वाद्य आहे, जी बाई कडेवर पोर घेऊन आहे, ते सगळे बदकांच्या त्या हिशेबातून आधीच बाहेर. तळ्यातल्या 33 बदकांना पोहता तरी येत होतं.

आम्ही मुलीकडचे होतो, म्हणजे खरं तर वाढायचं काम आमचंच. आमच्याकडे रीतच आहे, भावाचे मित्र आधी पाहुण्यांना बघतात आणि शेवटी जेवतात. हा ते काम करत होता. मी मोबाइल घेऊन फिरत होतो.

‘आणि पाचवं?’ मी शेवटी विचारलं.

तो माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसला. ‘बघ की नीट. व्हिडिओ तुझाच आहे.’

पाचव्या ताटाच्या दृश्यात शेवटी कॅमेरा जरासा खाली येतो. अर्धा सेकंद. त्यात एक डावा हात दिसतो, बोटांत अर्धी जिलेबी. मनगटावर काळा दोरा. माझा.

मी चित्रीकरणात इतका गुंग होतो, की कोणीतरी माझ्या हातात ताट दिलं आणि मी ते खाल्लं, हेच मला आठवत नव्हतं. हावरटपणाचा पुरावा गोळा करताना पुराव्यातली जिलेबी मीच संपवली होती.

त्या रात्री मी ग्रुपवरून व्हिडिओ काढला. अर्थात त्यानं काही होत नाही, पुढे गेलेला पुढेच जात राहतो. मग दुसरा भाग करायचं ठरवलं, तीच दृश्यं, तोच क्रम, फक्त निवेदन नवीन. आणि आवाज त्याचा. त्याला गोधडी दिली, मोबाइल दिला आणि मी बाहेर ओट्यावर बसलो. त्याला एकच टेक लागला. काळजी करू नका, त्यात आज्जीची करुण कहाणी वगैरे काही नाही. तो म्हणाला, ‘रडकं केलं तर लोक स्किप करतील.’ आज्जीच्या ताटाला त्यानं एवढंच म्हटलंय: ‘कळपातील सर्वात ज्येष्ठ मादी. तिला दात नाहीत. तिला तूप कमी पडलेलं चालत नाही.’ वाजंत्र्यांना: ‘या प्रजातीचा आवाज दोन कोसांवर ऐकू जातो. भूक लागल्याचा मात्र कुणालाच ऐकू येत नाही.’ ही ओळ मला सुचली असती तर मी तीन दिवस मिरवली असती. आणि स्वतःच्या दोन ताटांबद्दल त्यानं काहीच लपवलेलं नाही: ‘सहा गुलाबजाम. नराला याचा पश्चात्ताप नाही.’

दुसरा भाग पहिल्याइतका पसरला नाही. रसवंतीवाल्यापर्यंत पोहोचला, एवढं कळलं. परवा स्टँडवर त्यानं पुन्हा हाक मारली, ‘ए पाच प्लेट!’ आणि मग माझ्याकडे बोट केलं, ‘ह्याला काय म्हणायचं रं?’

खर्ड्याला इतिहास आहे, तुम्हाला माहीत असेल. 11 मार्च 1795 ला इथे मराठ्यांनी निजामाला हरवलं. निजाम माघार घेऊन याच किल्ल्यात शिरला, मराठ्यांनी वेढा घातला आणि त्याला तह करावा लागला. आम्हीही त्या रात्री किल्ल्याजवळच्या कट्ट्यावर बसून तह केला. पुढच्या लग्नात कॅमेरा त्याच्याकडे. लग्न पाडव्यानंतर आहे. आणि बुफेची सुरुवात करून झालेलीच आहे, कारण दुसऱ्या भागाच्या शेवटी, जिथे माझा हात दिसतो तिथे, त्यानं चित्र थांबवलंय आणि जवळजवळ श्वासाच्या आवाजात म्हटलंय:

‘आणि इथे... झाडीमागे... एक वेगळीच प्रजाती. ती स्वतः शिकार करत नाही. ती दुसऱ्याच्या ताटाकडे बघत राहते. अन्न कुठून आलं, हे तिला कळत नाही. पण बघा... जिलेबी संपली आहे.’